भट्टोबाच्या पोटावर बाण नको

ऑफिसात सगळे तिला राक्षसताई म्हणायचे, आणि तिला त्याचा रागही नव्हता. कामच तसं होतं. व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक लेव्हलच्या शेवटी दार अडवून जो मोठा राक्षस उभा असतो, ज्याला खेळणारे बॉस म्हणतात, त्याची लढाई रचायची हे तिचं पोटापाण्याचं काम. राक्षस दिसायला कसा असावा ते दुसरे ठरवत. तो मारणार कसा, मारण्याआधी काय करणार, कुठे कच्चा आणि कधी चिडणार, हे ती ठरवायची. बारा राक्षस तिच्या हातून घडले होते. तेरावा भट्टोबा.

भट्टोबा म्हणजे चालती-बोलती विटांची भट्टी. अंगावर विटा, डोक्यातून धूर, हातात लांबलचक सळई आणि पोटाला लोखंडी दार. तो खेळातला शेवटचा बॉस होता आणि राक्षसताईचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव होता. पोरवेडी माणसं पोराचं कौतुक सांगतात तसं ती भट्टोबाचं सांगायची, आणि ऐकणाऱ्याने जांभई दिली तरी थांबायची नाही.

तिचं म्हणणं साधं होतं. बॉस म्हणजे शत्रू नव्हे, मास्तर. फक्त जरा मारकुटा. आधी एक धडा देतो, मग दुसरा, मग दोन्ही एकदम विचारतो, आणि शेवटी परीक्षा घेतो. पण परीक्षेत त्याने शिकवलेलंच विचारलं पाहिजे. न शिकवलेलं विचारलं तर तो मास्तर नव्हे, लबाड.

हे तिला कुठल्या कॉलेजात कळलं नव्हतं. तिचे वडील तापट. पण एक मात्र होतं, रागवायच्या आधी ते चष्मा काढायचे, घडी घालायचे आणि खिशात ठेवायचे. चष्मा खिशात गेला की ती आणि तिचा भाऊ गच्चीवर पसार. धाकटा मामा मात्र हसत हसत टपली मारायचा, कधी मारेल त्याचा नेम नाही. वडिलांचा मार दोघांनी फारसा खाल्लाच नाही, मामाच्या टपल्या मात्र लग्नाच्या वयापर्यंत खाल्ल्या. चाळिशीतही ती मामाचं नाव निघालं की म्हणायची, “तो माणूस डिझाइनमध्येच चुकलेला.”

भट्टोबा वडिलांवर गेलेला होता. पाय आपटायचा असला की उजवा पाय उचलायचा, डावा खांदा खाली झुकायचा, अंगावरची माती भुरभुर गळायची. मग पाय जमिनीवर, आणि जमिनीवरून धक्क्याची लाट. लाट यायच्या आत खेळणाऱ्याने उडी मारायची. सळई फिरवायची असली की आधी ती फरशीवरून खरखर ओढत मागे न्यायचा. ती खरखर ऐकली की खाली लोळण घ्यायची. आणि निखारे थुंकायचे असले की मोठा श्वास घ्यायचा, छाती लाल व्हायची आणि श्वासासाठी पोटाचं दार उघडायचं. तेवढा वेळच तो कच्चा. विटांवर कितीही हातोडा मारा, त्याला ढिम्म काही होत नाही. दारातून आत मारला की विव्हळतो.

पहिल्या टप्प्यात हे सगळं एकेक करून, मध्ये दम खायला वेळ देऊन. जीव एक तृतीयांश कमी झाला की तो गुडघ्यावर बसायचा, ओरडायचा, अंगाला भेगा पडायच्या. त्या वेळात तो मारत नाही आणि त्याला लागतही नाही. ते नुसतं सांगणं असतं की बाई गं, आता नियम बदलतायत. दुसऱ्या टप्प्यात लाट आणि सळई पाठोपाठ, म्हणजे उडी मारून उतरताच लोळायचं. तिसऱ्या टप्प्यात दार मोडून लोंबकळायचं, कच्ची जागा कायम उघडी, पण तो थांबायचाच नाही. नवीन मात्र एकही वार नाही. पहिल्या दोन टप्प्यांत जो शिकला तो तरेल, जो नुसता बटणं बडवत आला तो बुडेल.

असा हा भट्टोबा. आणि बाहेरून तपासायला बोलावलेल्या खेळाडूंनी त्याच्यावर शिव्यांचा पाऊस पाडला. “अन्याय आहे.” “कळतच नाही कधी मारतो.” एकाने तर हातातला बटणांचा कंट्रोलर सोफ्यावर आपटला, तो सोफ्यावर आपटला म्हणून वाचला.

मालकांनी मीटिंग घेतली. ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. मीटिंगच्या खोलीत एसीखाली बादली ठेवलेली, आणि कोणी बोलायचं थांबलं की टपटप ऐकू यायची. मालक म्हणाले, “आपण काय करू, पोटाच्या दारावर एक लाल बाण दाखवू. लुकलुकता. आणि पाय उचलला की खाली मोठ्या अक्षरांत ‘उडी मारा’. झालं. लोकांना एवढं काय डोकं चालवायला लावायचं?”

“नाही,” राक्षसताई म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. माझ्या भट्टोबावर बाण लागणार नाही.”

सगळ्यांनी बादलीकडे बघितलं. मालकांच्या शेजारी कामाच्या तारखा सांभाळणारा माणूस बसला होता. त्याला सगळे वेळापत्रक म्हणत, कारण तो ‘कसं काय’ विचारण्याऐवजी ‘कधीपर्यंत’ विचारायचा. तो घसा खाकरून म्हणाला, “ताई, बाण दोन दिवसांचं काम आहे. उगाच ताणू नका. गेम या आठवड्यात बाहेर पडायचाय.”

“बाण दाखवला की माणूस भट्टोबाकडे बघायचं सोडतो आणि बाणाकडे बघतो,” ती म्हणाली. “मग तो काहीच शिकत नाही. तिसऱ्या टप्प्यात बाण असून नसल्यासारखा, कारण दार तर उघडंच आहे. तिथे मरेल. आणि तिथे मेला तर त्याला कारणही कळणार नाही. मग तिथे काय लावाल, माझा फोटो?”

मालक हसले नाहीत. मालक वाईट माणूस नव्हते, पण गेम बनवणाऱ्या कंपनीचा मालक असूनही त्यांनी कधी कंट्रोलर हातात धरलेला कोणी पाहिला नव्हता. ते दुसऱ्यांच्या खांद्यावरून स्क्रीन बघायचे आणि सूचना द्यायचे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. “दोन पर्याय आहेत,” ते म्हणाले. “एक तर बाण. नाही तर लढाईच काढून टाकू. भट्टोबा आपोआप पडतो असा छोटा सिनेमा लावू. उद्या संध्याकाळी मला सांगा.”

आता बारा राक्षसांपैकी दोघांना असे बाण आधीच चिकटले होते, जुन्या कंपनीत. तेव्हा ती गप्प बसली होती. तिसऱ्यांदा गप्प बसायचं नाही हे तिने केव्हाच ठरवलं होतं. बादलीतलं पाणी बघत ती म्हणाली, “उद्या संध्याकाळपर्यंत भट्टोबा कोऱ्या माणसाला स्वतःहून शिकवतो का नाही ते दाखवते. नाही शिकवलं तर बाण मी माझ्या हाताने लावीन. आणि मग दुसरी नोकरी शोधीन.”

बोलून गेली खरी. पण घरी आई होती, गुडघेदुखीची, आणि भाऊ-वहिनी शेजारच्या गल्लीत. आई म्हणाली, “एवढं काय त्या मातीच्या राक्षसासाठी?” राक्षसताईने तिच्या गुडघ्याला तेल चोळायला घेतलं. उत्तर तिला येत होतं, पण वडील गेल्यापासून त्यांच्या चष्म्याचा विषय काढला की आई रडायला लागायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा माणूस शोधायची पळापळ. कोरा म्हणजे जो भट्टोबाशी कधी लढलाच नाही असा. ऑफिसात सगळ्यांनी तो हजारदा खेळलेला. अशी माणसं काहीच उपयोगाची नसतात. शेवटी हिशोबाच्या खोलीतल्या बाई सापडल्या. गेमच्या कंपनीत तीन वर्षं, पण खेळाशी संबंध फक्त पगारापुरता. आदल्या लेव्हली मात्र त्या दुपारच्या सुट्टीत कंटाळा घालवायला खेळल्या होत्या, त्यामुळे उडी आणि लोळण कुठल्या बटणाने होते तेवढं ठाऊक.

“मला जमणार नाही हं,” हिशोबवाल्या बाई म्हणाल्या आणि सोफ्यावर मांडी ठोकून बसल्या. म्हणजे जमवायचंच असं ठरवलेलं.

अशा तपासणीचा एकच नियम असतो: बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. काहीही विचारलं तरी ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच. आणि बघायचं ते स्क्रीनकडे नाही, खेळणाऱ्याच्या हातांकडे आणि डोळ्यांकडे. राक्षसताई बाजूला स्टूल घेऊन बसली. तिच्या मागे दाढी उभा. दाढी म्हणजे ॲनिमेटर, भट्टोबाचा पाय उचलणारा आणि खांदा झुकवणारा हात त्याचा.

बाई मेल्या. परत मेल्या. सळईची खरखर त्यांना दुसऱ्याच खेपेला कळली. “अगं बाई, ओढतोय, ओढतोय!” म्हणत लोळल्या. निखाऱ्यांचंही कळलं. दार उघडं दिसल्यावर घाबरत घाबरत हातोडा घातला, भट्टोबा विव्हळला, आणि बाईंच्या तोंडावर अस्सल आनंद. पण पाय आपटला की मेल्या. दर वेळी पाय.

राक्षसताई अंगठ्याकडे बघत होती. अंगठा बटणावर पडत होता, बरोबर बटणावर. पण दर वेळी लाट आल्यावर. बाई पाय बघून उडी मारत नव्हत्या, आवाज ऐकून मारत होत्या. पाय खाली पडल्याचा आवाज. म्हणजे पाय उचललेला त्यांना दिसतच नव्हता.

हिशोबवाल्या बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. रागाने नाक लाल झालेलं. “हे बघा, मी मेले ते मला कळतं,” त्या म्हणाल्या. “का मेले तेच कळत नाही. माझी चूक असती तर मी सुधारली असती. पण ह्यात मला चूकच सापडत नाही.”

राक्षसताईला ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणायचं होतं. पण तिने मागे वळून दाढीकडे बघितलं.

“पाय किती वेळ वर असतो?”

दाढीने संगणकावर जाऊन बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. “पहिल्यांदा केला तेव्हा जवळजवळ सेकंदभर होता. आता सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आहे.”

“कोणी कमी केला?”

“तूच म्हणालीस ना. ‘फार सावकाश उचलतो, कंटाळा येतो.’ मग दुसऱ्या महिन्यात परत म्हणालीस. मग सगळेच म्हणायला लागले. दर वेळी थोडासाच कापला. खांदा झुकायला वेळच उरला नाही, म्हणून तो पण काढला.”

अतिपरिचयात अवज्ञा, हे खरंच आहे. महिनोन्‌महिने रोज तोच पाय बघून त्यांना तो उचलला जायच्या आधीच उचललेला दिसत होता. पाठ झालेल्याला इशारा कशाला लागतो? पाठ झालेल्या माणसांनीच इशारा कापून टाकला, आणि नव्या माणसाला म्हटलं, ‘तू लक्ष देत नाहीस.’ माणसाला दिसून, उमजून, बोट हलवायला लागणारा वेळ जेमतेम उरला होता, आणि विचार करायला तर काहीच नाही. राक्षसताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. तिचा भट्टोबा वडिलांवरून मामावर गेला होता, आणि तो तिनेच नेला होता.

हे वेळापत्रकाच्या कानावर जायला वेळ लागला नाही. तो दारात उभा राहून म्हणाला, “चला, म्हणजे चूक तुमचीच. मग आता तरी बाण लावूया?”

“चूक माझी आहे, ती मी निस्तरते,” ती उठून उभी राहिली. “पायाची चूक झाली म्हणून पोटावर बाण? पाय मोडला तर डोक्याला प्लास्टर करता का तुम्ही?”

हिशोबवाल्या बाई फिस्सकन हसल्या आणि वेळापत्रक निघून गेला.

मग दाढी आणि ती दुपारभर बसली. जेवण टेबलावर तसंच गार झालं. पाय पुन्हा वर गेला, हळू, जड. खांदा परत झुकला. आणि तिने आणखी एक केलं. बाईंचे डोळे सगळा वेळ भट्टोबाच्या तोंडावर होते, पायाकडे नव्हतेच. म्हणून पाय उचलला की डोक्यातला धूरही एकदम थांबायचा असं तिने करवलं. तोंडाकडे बघणाऱ्यालाही कळलं पाहिजे. दाढी म्हणाला, “आता मला फार सावकाश वाटतंय.” ती म्हणाली, “तुला वाटणारच. तुझं वाटणं गेलं चुलीत.”

सगळं झालं आणि मग लक्षात आलं, कोरा माणूस उरलाच नाही. हिशोबवाल्या बाईंना आता भट्टोबा माहीत झाला होता. कोरेपणा एकदाच मिळतो, वापरला की संपला. बाहेरून कोणाला बोलवायचं तर ‘गुपित फुटेल’ म्हणून मालकांची परवानगी, ती मिळेपर्यंत संध्याकाळ उलटणार. दाढी डोकं धरून बसला.

तेवढ्यात मालक आले. संध्याकाळ झाली होती, ऊन खिडकीतून सोफ्यावर आलं होतं. मागून वेळापत्रक, हातात फोन. “मग?” मालक म्हणाले. “बाण का सिनेमा?”

राक्षसताईने अशी गोष्ट केली जी त्या ऑफिसात कोणी स्वप्नातही केली नसती. तिने कंट्रोलर उचलला आणि मालकांच्या हातात दिला.

“बसा.”

“मी?”

“ह्या ऑफिसात भट्टोबाशी कधीच न लढलेले तुम्ही एकटेच उरलाय सर. सगळ्यांना माहीत आहे. बसा.”

मालकांचे कान लाल झाले. नाही म्हणणं सोपं होतं, पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ते बसले. राक्षसताईने खेळातल्या, भट्टोबाच्या आधीच्या एका रिकाम्या खोलीत त्यांना उडी, लोळण आणि हातोडा करून बघू दिला, आणि मग दार उघडून तोंड बंद केलं.

मालक चटकन मेले. कोणी हसलं नाही, म्हणून आणखी वाईट. दुसऱ्यांदा मेले. “हे काय—” म्हणाले आणि तिच्याकडे बघितलं.

“तुम्हाला काय वाटतं?” ती म्हणाली.

तिसऱ्यांदा ते पुढे सरकून बसले. चौथ्यांदा धूर थांबला, त्यांनी मान जराशी वाकडी केली, आणि पाय पडायच्या आत उडी मारली. लाट खालून गेली. त्यांनी जीभ दातांत धरलेली राक्षसताईने पाहिली. दार उघडायच्या आतच त्यांनी घाईने हातोडा मारला, तो विटांवर बसला, काही झालं नाही. पुढच्या वेळी वाट बघितली, छाती लाल होऊ दिली, आणि आत घातला. भट्टोबा विव्हळला. मालक “हां!” म्हणाले, मोठ्याने, शाळेतल्या पोरासारखे.

भट्टोबा गुडघ्यावर बसला, भेगा पडल्या. दुसरा टप्पा. मालक उडी मारायचे आणि सळईखाली सापडायचे. परत पहिल्यापासून. परत सळई. टाय सैल झाला. वेळापत्रकाला हे बघवेना. त्याने मालकांच्या कानाशी वाकून म्हटलं, “सर, उडीवरून उतरलात ना की लगेच—”

“ए, गप्प बस!” मालक ओरडले. स्क्रीनवरून डोळे न काढता. “सांगू नकोस मला! मला कळतंय तो काय करतोय!”

खोलीत एवढी शांतता झाली की शेजारच्या खोलीतली बादली ऐकू आली. दाढीने तोंडावर हात दाबला. हिशोबवाल्या बाई दारातून बघत होत्या, त्यांनी डोळे मिटून घेतले. राक्षसताई मालकांच्या अंगठ्याकडेच बघत राहिली, कारण नियम म्हणजे नियम.

मालक जिंकले नाहीत. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचले, लोंबकळत्या दारात दोन हातोडे घातले आणि तिसऱ्याच्या लोभात धुराकडे लक्ष राहिलं नाही. लाटेने गाठलं. त्यांनी मांडीवर मूठ आपटली.

“माझी चूक,” ते म्हणाले. “धूर थांबला होता. दिसला होता मला.”

वेळापत्रकाला संधी दिसली. “म्हणजे सर, हरलात. ठरल्याप्रमाणे मग उद्या बाणाचं काम—”

मालकांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, कोणी तो हलवू नये अशा बेताने. “उद्या सकाळी मी येतोय. तोपर्यंत ह्याला कोणी हात लावायचा नाही. बाण नाही, अक्षरं नाहीत, काही नाही. कळलं?” मग ते राक्षसताईकडे वळले, आणि सवयीने तिलाही दटावलं, “तुम्ही पण नाही.”

राक्षसताई स्टूलावरून उठली. सबंध दिवसात पहिल्यांदा तिला भूक लागली होती.

“मी कुठे लावणार होते?” ती म्हणाली.